लॉट नंबरचा रकाना

घरात तिला सगळे धाकटी म्हणत आणि कारखान्यात मॅडम. घर आणि कारखाना यांच्यामध्ये एक फरसबंद अंगण तेवढं होतं. ते ओलांडलं की हाक बदलायची.

कारखाना ओटच्या बिस्किटांचा. सासऱ्यांनी तो भाड्याच्या एका गाळ्यात, एकाच भट्टीवर सुरू केला होता. आता भट्ट्या थोरले दीर बघत, ऑर्डरी, गाड्या आणि गिऱ्हाइकांचे फोन थोरल्या जाऊबाई, आणि मालाची गुणवत्ता धाकटी. ती अन्नतंत्र शिकून आलेली. लग्न ठरतानाच सासरे तिच्या वडिलांना म्हणाले होते, की मला सून हवी आहेच, पण कारखान्याला तिची जास्त गरज आहे. नवरा या सगळ्यापासून लांब, रुग्णालयात एक्स-रे काढायच्या विभागात. बिस्किटं खाण्यापलीकडे त्याचा कारखान्याशी संबंध नव्हता.

त्यांच्या पाकिटावर ठळक अक्षरांत लिहिलेलं असे : शेंगदाणाविरहित. आवारात शेंगदाण्याला बंदीच होती. कामगारांच्या डब्यातही चालत नसे. ज्यांना दाण्याच्या कणानं घसा सुजतो, श्वास कोंडतो, अशा मुलांचे आईबाप हे पाकीट डोळे झाकून घेत. शाळा घेत, पाळणाघरं घेत. त्या एका शब्दावर कारखाना उभा होता म्हटलं तरी चालेल.

आणि त्या शब्दाच्या पाठीशी होती धाकटीची शीट. आल्या आल्या तिनं पहिलं काम केलं ते हे. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक मालाला, पीठ असो, साखर असो की तेल, गोदामात शिरताना लॉट नंबर मिळे. कुठल्या लॉटमधला किती माल कुठल्या बॅचमध्ये पडला, ती बॅच कधी भाजली आणि तिची खोकी कुणाकुणाकडे गेली, हे सगळं कॉम्प्युटरवर एका शीटमध्ये जोडलेलं. उद्या एखादा लॉट खराब निघाला, तर त्याचं बोट धरून थेट गिऱ्हाइकाच्या दारापर्यंत जाता यावं. किंवा एखाद्या गिऱ्हाइकाची तक्रार आली, तर पाकिटावरच्या बॅच नंबरवरून उलटं पिठाच्या पोत्यापर्यंत येता यावं. सासऱ्यांना कॉम्प्युटरचं विशेष काही कळत नसे, पण पाहुणा आला की ते त्याला तिच्या टेबलाशी आणत आणि म्हणत, "धाकटे, दाखव जरा ते, पोतं कुठून कुठं जातं ते."

शीटमध्ये एखादा रकाना रिकामा राहिला की तो आपोआप लाल व्हायचा. ही सोयही तिनंच केली होती.

घोटाळा तिथंच झाला. लॉट नंबर यायचे वजनाच्या खोलीतून. तिथला माणूस प्रत्येक बॅचसाठी पीठ, साखर मोजताना एक चिठ्ठी भरे. कामाची घाई असली की वजनं लिहिली जात, पण लॉटचा रकाना तसाच राही. सुरुवातीला ती तशी चिठ्ठी हातात घेऊन तडक खाली जायची, पोत्यावरचं लेबल बघून नंबर लिहायची, वजनवाल्याला चार शब्द सुनवायची. मग खाली जाणं कमी झालं. मग चिठ्ठ्या साठवून आठवड्याच्या शेवटी भरायला लागली. तोवर पोती रिकामी होऊन गेलेली, लेबलं कचऱ्यात. पण जुना माल आधी आणि नवा नंतर, हा गोदामाचा नियमच होता. तेव्हा जुना लॉट संपेपर्यंत जुना नंबर, मग नवा, यात विचारायचं काय? ती वरच्या रकान्यातला नंबर माउसनं धरून खाली ओढायची. लाल रकाने एकामागून एक पांढरे होत यायचे. ते बघायला बरं वाटायचं.

तपासणीला आलेल्या परीक्षकानं शीटची तारीफ केली होती. कुठलाही एक लॉट घेऊन तो गिऱ्हाइकापर्यंत शोधून दाखवा म्हणाला, तेव्हा लॉट निवडायला त्यानं तिलाच सांगितलं. तिनं ज्याच्या सगळ्या चिठ्ठ्या पूर्ण भरलेल्या होत्या, तोच निवडला. हे आपण मुद्दाम केलं, असं तेव्हा तिच्या मनातसुद्धा आलं नाही.

पीठ पुरवणाऱ्या गिरणीचा फोन आला तेव्हा ती भट्टीपाशी होती. गिरणीचा माणूस फार अवघडून बोलत होता. त्यांच्याकडच्या एका चक्कीवर दाण्याचं कूट दळलं गेलं होतं आणि ती धुण्याआधीच तिच्यावर ओट दळले गेले. तपासणीत दाण्याचा अंश सापडला. त्यानं लॉट नंबर सांगितला, लेखी पत्रही लगेच पाठवलं.

तिनं शीट उघडली. लॉट नंबर टाकला. दोन बॅचेस समोर आल्या, नुकत्याच भाजलेल्या. त्या दोन बॅचेसची चार गिऱ्हाइकं. बस्स. तिनं यादी छापून जाऊबाईंच्या हातात दिली आणि त्यांनी एकेकाला फोन लावले. माल विकू नका, बाजूला काढून ठेवा, आमची गाडी येते आहे. दोन दुकानदारांची तर खोकीसुद्धा फोडलेली नव्हती. अन्नसुरक्षा अधिकाऱ्यांना पत्र गेलं. जेवणाच्या सुट्टीच्या आत सगळं आटोपलं होतं.

सासरे तिच्या टेबलाजवळ आले. खुर्ची ओढून बसले. मग म्हणाले, की माझ्या उमेदीच्या काळात हे झालं असतं तर मी गावभर बोंबलत फिरलो असतो आणि तरी कुठलं पाकीट कुठं गेलं ते मला सापडलं नसतं. जाऊबाईसुद्धा, ज्या कधी कुणाचं तोंडावर कौतुक करत नसत, म्हणाल्या की शिक्षण फुकट गेलं नाही हो.

दुपारी ती लाल चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन गोदामात गेली. त्या लॉटची उरलेली पोती वेगळी काढायची होती, कुणी चुकून वापरू नये म्हणून. गोदाम सांभाळणारे गृहस्थ वयानं मोठे, त्यांना सगळे काका म्हणत. दोघं मिळून पोती मोजू लागले.

शीटप्रमाणे त्या लॉटची बरीच पोती शिल्लक असायला हवी होती. समोर दिसत होती त्याच्या निम्मीसुद्धा नाहीत.

"मागं असतील," ती म्हणाली.

काकांनी पुढची रांग बाजूला केली. मागं भिंतीला लागून ओटच्या पिठाची आणखी पोती होती, पण ती आधीच्या लॉटची. शीटच्या हिशेबानं जो लॉट कधीच संपला होता, त्याची. वर धूळ बसलेली.

तिला काही विचारावं लागलं नाही. मध्यंतरी त्या भिंतीवरचा पत्रा गळत होता. दुरुस्तीसाठी पोती हलवली होती आणि दुरुस्ती झाल्यावर जुनी आत, नवी पुढे अशी लागली होती. हलवायची परवानगी तिनंच सही करून दिली होती. परत लावताना बघायला मात्र ती आली नव्हती. त्यानंतर वजनाच्या खोलीत गेली ती पुढची, नवी पोती. आणि ती वर बसून शीटमध्ये जुन्याच लॉटचा नंबर खाली ओढत राहिली.

महिन्याची शिल्लक मोजताना हे कळायला हवं होतं. पण शिल्लक मोजताना ते ओटचं एकूण पीठ मोजत, लॉटवार नाही. एकूण आकडा चोख जुळत होता. या लॉटचं कमी, त्या लॉटचं जास्त, बेरीज तीच.

काका तिच्या तोंडाकडे बघत होते. त्यांना शीट कळत नसे, पण काहीतरी बिनसलंय एवढं कळलं असावं. त्यांनी विचारलं, मालकांना बोलावू का?

"नको," ती म्हणाली. "मी आधी वजनाच्या चिठ्ठ्या बघते. खात्री करून मग सांगू."

तिनं समोरच्या पोत्यांना लाल चिठ्ठ्या चिकटवल्या आणि वर गेली.

चिठ्ठ्यांची फाइल तिनं दार लोटून घेऊन उघडली. तो लॉट आल्यापासून बऱ्याच बॅचेस निघाल्या होत्या. सुरुवातीच्या एक-दोन चिठ्ठ्यांवर जुन्या लॉटचा नंबर होता. पुढं लॉटचा रकाना कोरा. कोरा. कोरा. शीटमध्ये मात्र त्या प्रत्येकासमोर नीटनेटका नंबर बसलेला. संशयित पीठ किती वापरलं गेलं ते पोत्यांवरून काढता येत होतं. कुठल्या बॅचमध्ये गेलं ते या जगात कुणालाच माहीत नव्हतं. आणि जिथं माहीत नसतं तिथं एकच नियम असतो, कॉलेजात तो तिला पहिल्या वर्षीच शिकवला होता : लॉट आला त्या दिवसापासून आजपर्यंतची प्रत्येक बॅच दूषित धरायची. प्रत्येक बॅचचा नमुना कपाटात राखून ठेवलेला असे, पण नमुना प्रयोगशाळेतून येईपर्यंत दिवस जातात. शिवाय दाण्याचा अंश पिठात सगळीकडे सारखा नसतो. एका पाकिटात नाही सापडला म्हणून शेजारचं निर्धोक ठरत नाही.

म्हणजे चार गिऱ्हाइकं नव्हे. जवळजवळ सगळी. शाळा, पाळणाघरं, दुकानं.

हे सगळं तिला त्या दुपारीच कळलेलं होतं. पूर्णपणे कळलेलं होतं. खात्री करायला काही उरलं नव्हतं.

तरी ती उठली नाही. उठून सासऱ्यांच्या खोलीत जायचं, म्हणजे अंगण नव्हे, नुसता एक जिना. पण तिला दिसत होतं ते त्यांचं सकाळचं तोंड, आणि तिच्या टेबलाशी आणलेले सगळे पाहुणे. आणि एक वाईट विचारही येऊन गेला. मागची जुनी पोती मागच्या दारानं हलवली, तर शीट खरी ठरेल. तो विचार तिनं झटकला. झटकला म्हणून तिला थोडं बरंही वाटलं, जणू काही प्रामाणिकपणा करून झाला. मग तिनं स्वतःला सांगितलं, की रीतसर यादी तयार करून सकाळी सांगू. अर्धवट सांगून घाबरवण्यात अर्थ नाही. फाइल कपाटात ठेवली, कुलूप लावलं.

संध्याकाळी जेवताना सासऱ्यांनी सगळी हकिगत मुलाला पुन्हा सांगितली. नवरा हसून तिच्याकडे बघत म्हणाला, "म्हणजे घरात एक तरी हुशार आहे." ती ताटातला भात नुसता चिवडत राहिली. जाऊबाईंनी विचारलं, बरं नाही का? ती म्हणाली, दिवसभराचा शीण आहे. जाऊबाईंनी तिला ताटावरून उठवलं, भांडी मी घासते म्हणाल्या. हे त्या एरवी मरेपर्यंत म्हणाल्या नसत्या.

सकाळी ती यादी छापून सासऱ्यांच्या दाराशी गेली. ते गिरणीच्या मालकाशी फोनवर बोलत होते. आमच्याकडे हे सगळं बघायला सून आहे, आम्ही तासाभरात निस्तरलं, तुम्हीसुद्धा अशी व्यवस्था करून घ्या. त्यांनी तिला हातानंच बसायची खूण केली. ती बसली नाही. चहा झाल्यावर येते, असं तिनंही खुणेनंच सांगितलं आणि परत फिरली.

शाळेचा फोन जाऊबाईंनी घेतला. धाकटी समोरच होती. जाऊबाईंनी नुसतं हं, हं केलं, मग खुर्चीवरून उठल्या आणि उभ्यानंच बोलत राहिल्या. मधल्या सुट्टीत दुसरीतल्या एका मुलीनं बिस्किट खाल्लं. थोड्याच वेळात ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, धाप लागली. तिला दाण्याचं वावडं आहे हे शाळेला माहीत होतं, म्हणूनच शाळा ही बिस्किटं घेत होती. शाळेच्या नर्सकडे तिचं इंजेक्शन ठेवलेलं होतं, ते लगेच दिलं. रुग्णवाहिका आली. आता ती रुग्णालयात आहे. शुद्धीवर आहे. पाकिटावरचा बॅच नंबर शाळेनं वाचून दाखवला.

जाऊबाईंनी तो कालच्या यादीशी ताडून पाहिला. पुन्हा पाहिला.

"हा नंबर यादीत नाही," त्या म्हणाल्या. "धाकटे, हा यादीत नाही."

तिनं हातातली नवी यादी टेबलावर ठेवली. तो नंबर तिच्यात होता, वरून तिसरा.

पुढचा सगळा दिवस फोन, गाड्या आणि पत्रं यांत गेला. शाळांना आधी, मग पाळणाघरांना, मग दुकानांना. अधिकाऱ्यांना दुसरं पत्र गेलं. रेडिओवर सूचना द्यायची व्यवस्था दिरांनी केली. भट्ट्या बंद झाल्या. सासऱ्यांनी तिला एकदाच विचारलं, की हे राहिलं कसं. तिनं खरं ते सांगितलं : चिठ्ठ्यांवर नंबर नव्हते, मी अंदाजानं भरत होते, गोदामात पोती उलटी लागली होती. ते ऐकून ते खाली बसले. ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "ते सगळे पांढरे रकाने?"

"हो."

पण हे आपल्याला कालच कळलं होतं, हे तिनं सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. नवी यादी शाळेचा फोन यायच्या आधीच छापलेली कशी, हे त्या गडबडीत कुणाच्या लक्षात आलेलं दिसलं नाही. काका पोती ओढत बाहेर आणत होते. ती समोरून गेली तेव्हा त्यांनी मान खाली घातली. त्यांनी कुणालाही काही सांगितलं नाही, तिला माहीत होतं. तिच्यासाठी त्यांनी गप्प राहावं, याचीच तिला सगळ्यात जास्त लाज वाटली.

मुलगी सुधारत होती, असं रुग्णालयातून कळत होतं. धाकटीचा नवरा त्याच रुग्णालयात असल्यानं बातमी घरी यायची. त्यानं सांगितलं की मुलीला एक रात्र देखरेखीखाली ठेवून घरी सोडतील, धोका टळला आहे. धाकटीला वाटलं, आता सुटलो. असं वाटलं म्हणून ती न्हाणीघरात जाऊन रडली.

मुलीची आई दुसऱ्या दिवशी कारखान्यात आली. कळवून आली नव्हती. ती शहरबस चालवायची आणि पाळी संपवून तशीच, गणवेशातच आली होती. अंगानं दणकट, पण डोळे जागरणानं आत गेलेले. सासऱ्यांनी तिला आपल्या खोलीत बसवलं, पाणी दिलं, ते तिनं घेतलं नाही. त्यांनी हात जोडून माफी मागितली. उपचारांचं सगळं आम्ही बघू म्हणाले. बाईंनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, की मी त्यासाठी आले नाही. माझ्या मुलीच्या पोटात दाणा कुठून गेला, ते मला समजून घ्यायचं आहे. मी तिला तीन वर्षांपासून ही बिस्किटं देते आहे. मीच तिला सांगत आले की हे पाकीट दिसलं की बेलाशक खायचं.

सासऱ्यांनी धाकटीकडे बघितलं. जाऊबाई दाराशी उभ्या होत्या.

धाकटीनं सांगितलं. आधी ती चक्की, दाण्याचं कूट, असं सांगत गेली आणि बाईंचा चेहरा बघून थांबली. मग तिनं लॅपटॉप आणून शीट त्यांच्यापुढे उघडली. हा लॉट, या बॅचेस, ही तुमची शाळा. आणि हे नंबर मी न बघता भरले आहेत. चिठ्ठीवर नव्हते, मी वरचा नंबर खाली ओढला. म्हणून परवा ज्या दोन बॅचेस आम्ही परत मागवल्या, त्यांत तुमच्या शाळेची आली नाही.

बाईंनी पडद्याकडे बराच वेळ बघितलं. बोट ठेवून ओळी वाचल्या. माणूस अनोळखी रस्ता बघतो तसं.

"परवा तुम्ही बाकीच्यांना फोन केले," त्या म्हणाल्या. "शाळेची खोकी यात धरायला हवीत, हे तुम्हाला कधी कळलं?"

शाळेचा फोन आल्यावर, असं म्हणणं अगदी सोपं होतं. सगळे तेच धरून चालले होते. सासरे उत्तराकडे बघतसुद्धा नव्हते, त्यांच्या मनात उत्तर ठरलेलंच होतं.

"परवा दुपारी," ती म्हणाली.

सासऱ्यांनी मान वर केली.

"म्हणजे आदल्या दिवशी," बाई म्हणाल्या.

"हो. गोदामात गेले तेव्हा. पोती जुळेनात, तेव्हाच कळलं."

"आणि तुम्ही तेव्हाच शाळेला सांगितलं असतं तर?"

"तर शाळेनं दुसऱ्या दिवशी ती दिली नसती."

"मग का नाही सांगितलं?"

या प्रश्नाला तिच्याकडे पुष्कळ उत्तरं होती. कालपासून ती जुळवून ठेवली होती. खात्री करायची होती, यादी पूर्ण करायची होती, उगाच घबराट नको होती. तिनं तोंड उघडलं आणि त्यांतलं एकही निघालं नाही.

"लाज वाटली," ती म्हणाली. "सगळे माझं कौतुक करत होते."

बाई उठल्या. त्या रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. मांडीवरची टोपी उचलून हातात घेतली. माफ केलं असंही म्हणाल्या नाहीत, शापही दिला नाही. दाराशी जाऊबाई बाजूला झाल्या तेव्हा त्यांना उद्देशून एवढंच म्हणाल्या, "आता ती काहीच खात नाही. मी दिलेलं पाणीसुद्धा आधी हुंगते."

त्या गेल्यावर सासरे खिडकीशी जाऊन उभे राहिले. फाटकातून बाहेर पडणाऱ्या बाईंकडे बघत असावेत. धाकटीला वाटलं, आता बोलतील. बोलावं असंच तिला वाटत होतं. चार लोकांत वाभाडे काढले असते तर सोसलं असतं. पण पाठमोरे ते एकाएकी फार म्हातारे दिसले.

बोलल्या त्या जाऊबाई. "मला सांगायचंस," त्या म्हणाल्या. "त्यांना नाही, तर मला. त्या रात्री भांडी घासत होते मी. तेव्हा सांगितलं असतंस तरी मी शाळेच्या बाईंच्या घरी फोन लावला असता. त्यांचा घरचा नंबर आहे माझ्याकडे." त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांच्याकडे कुणाकुणाचे घरचे नंबर असायचे, हे धाकटीला कधी विचारावंसंसुद्धा वाटलं नव्हतं.

अधिकाऱ्यांना द्यायच्या अहवालात कुठली गोष्ट केव्हा कळली, याची जागा होती. तिनं तिथं खरं ते लिहिलं आणि कागद सासऱ्यांपुढे सहीसाठी ठेवला. त्यांनी वाचला. त्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"हे लिहायलाच हवं?" त्यांनी विचारलं.

त्यांना उत्तर नको होतं. त्यांनी चष्मा पुसला, सही केली आणि कागद तिच्याकडे न देता स्वतःच लिफाफ्यात घातला.

पुढं जे व्हायचं ते झालं. अधिकारी येऊन गेले, नमुने घेतले. तपासलेल्यांपैकी दोन बॅचेसमध्ये दाण्याचा अंश निघाला. शाळेतली त्यांतलीच एक. सगळे बदल करून पुन्हा तपासणी होईपर्यंत पाकिटावर तो शब्द छापायची मनाई झाली. शाळांनी ऑर्डरी बंद केल्या, आणि कुणीही त्यांना दोष दिला नाही. वजनाच्या खोलीत आता नियम झाला, की पोत्यावरचं लेबल फाडून चिठ्ठीला चिकटवल्याशिवाय पीठ मिसळायला न्यायचं नाही. हा नियम दिरांनी केला. शिल्लकही आता लॉटवार मोजायची ठरली. धाकटीनं सासऱ्यांना सांगितलं, की मला या कामातून काढा. ते म्हणाले, की काढणं सोपं आहे, तू आहेस तिथंच बसायचं. ती शिक्षा होती की विश्वास, ते तिला कळलं नाही. बहुधा त्यांनाही माहीत नसावं.

नवऱ्यानं तिला फार काही विचारलं नाही. एकदाच, दिवा मालवताना म्हणाला की मुलगी खाली तपासणीला आली होती, बरी दिसली. तिनं विचारलं, तिच्यासोबत कोण होतं? आई, तो म्हणाला.

परत आलेला माल अंगणात उतरवला होता. खोकीच खोकी, जिन्यापर्यंत रचलेली. तो नष्ट करताना अधिकाऱ्यांचा माणूस समोर असावा लागतो, तसा तो एका खुर्चीवर वही घेऊन बसला होता. गेलेली पाकिटं, परत आलेली, खाल्ली गेलेली, सगळ्यांचा मेळ लावायचा होता. कामगार पाकिटं फोडून बिस्किटं पिंपात टाकत होते. कुणीतरी काहीतरी विनोद केला होता, हसू चाललं होतं. ती आली तसं ते थांबलं. काकांनी हातमोज्यांचा एक जोड तिच्याकडे सरकवला आणि बाकावर जागा केली.

ती बसली. पाकीट फाडायचं, उलटं करायचं, कागद वेगळा. ओट आणि लोण्याचा वास सगळ्या अंगणात भरून राहिला होता. त्या वासानं कुणाच्याही तोंडाला पाणी सुटलं असतं. पहिला ढीग संपल्यावर ती सवयीनं उठली आणि रिकामी खोकी मोजायला लागली.

जाऊबाई पाठीमागून आल्या. त्यांनी तिच्या हातातली पेन्सिल काढून घेतली, अगदी हळू.

"तू फोड," त्या म्हणाल्या. "मोजते मी."

धाकटी परत बाकावर येऊन बसली आणि पुढचं पाकीट उचललं. त्यांचं बरोबर होतं.